न दुखणारी कावीळ आणि स्टेंटचा क्रम : पित्तनलिकेच्या कर्करोगाचे एक प्रकरण

हे प्रकरण ६२ वर्षांच्या एका निवृत्त शिक्षकाचे आहे. त्यांची ओळख पटू शकेल असे तपशील बदलले असले, तरी तपासण्यांचा क्रम, निर्णय आणि परिणाम घडले तसेच मांडले आहेत. यकृतातून बाहेर पडताना डाव्या आणि उजव्या पित्तनलिका जिथे एकत्र येतात, तिथे त्यांचा कर्करोग होता. त्या जागी गाठ फार मोठी नसतानाही पित्ताची वाट पूर्ण बंद होऊ शकते. अशा रुग्णाला शस्त्रक्रियेआधी पित्ताला वाट करून देणारी नळी, म्हणजे स्टेंट बसवायचा का, बसवायचा तर केव्हा आणि कोणत्या बाजूला, या प्रश्नांच्या उत्तरांवर पुढचे सगळे उपचार उभे राहतात.

पार्श्वभूमी

पहिली तक्रार अंगाला सुटणाऱ्या खाजेची होती आणि ती रात्री वाढत असे. काही दिवसांतच लघवी गडद तपकिरी आणि शौच मातकट पांढरे होऊ लागले. त्यानंतर डोळे पिवळे दिसू लागले. पोटात दुखत नव्हते, ताप नव्हता, उलट्या नव्हत्या. दोन महिन्यांत वजन पाच किलोने उतरले होते, पण भूक मंदावल्यामुळे ते झाले असावे असे घरच्यांना वाटले.

सुरुवातीला यकृताला विषाणूमुळे सूज आली आहे असे गृहीत धरून विश्रांती आणि पथ्य सांगण्यात आले. तीन आठवड्यांनी कावीळ कमी होण्याऐवजी वाढली, तेव्हा पहिल्यांदा रक्ताची सविस्तर तपासणी झाली. एकूण बिलिरुबिन १४.२ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर होते आणि त्यातील ११.६ थेट प्रकारचे, म्हणजे यकृताने प्रक्रिया करून पित्तात सोडण्यासाठी तयार केलेले होते. पित्ताची वाट अडली की वाढणारे अल्कलाइन फॉस्फटेज नेहमीच्या मर्यादेच्या पाचपट होते. यकृताच्या पेशींना इजा झाली की जी दोन विकरे वाढतात, ती मात्र जेमतेम अडीचपट होती. विषाणूच्या तीव्र काविळीत ती सहसा शेकड्यांच्या किंवा हजारांच्या घरात जातात. हे आकडे एकत्र वाचले तर यकृत आपले काम करत आहे, पण तयार झालेल्या पित्ताला बाहेर जायला वाट नाही, असा अर्थ निघतो.

वेदना नसण्यालाही कारण आहे. पित्ताचा खडा नलिकेत अचानक अडकतो, दाब एकदम वाढतो आणि तीव्र कळ येते. गाठ नलिकेच्या भिंतीत आठवड्यामागून आठवडे वाढत जाते, वरच्या नलिका हळूहळू फुगत राहतात आणि त्या संथ ताणाची वेदना बहुतेकांना जाणवत नाही. म्हणून उतारवयात वेदनेशिवाय आलेली, वाढत जाणारी आणि सोबत पांढरे शौच असलेली कावीळ अडथळ्याची आहे असे समजूनच तपासावी लागते.

अडथळा कुठे आहे, हे कसे समजले

सोनोग्राफीत यकृताच्या आतील नलिका दोन्ही बाजूंना फुगलेल्या दिसल्या. यकृताबाहेरची मुख्य पित्तनलिका मात्र पाच मिलिमीटर, म्हणजे सामान्य रुंदीची होती आणि पित्ताशय आकसलेले होते. गाठ सोनोग्राफीत दिसली नाही आणि या जागेच्या गाठीबाबत असे वारंवार घडते. तरीही अहवाल निर्णायक होता. पित्तनलिकांची रचना फांद्या आणि खोड यांसारखी आहे. फांद्या फुगलेल्या आणि खोड बारीक असेल, तर अडथळा फांद्या खोडाला मिळतात तिथेच असणार. अडथळा खाली, स्वादुपिंडाच्या डोक्याजवळ असता तर मुख्य नलिकाही फुगली असती आणि पित्ताशय ताणून मोठे झाले असते. ज्या अहवालात केवळ ‘नलिका फुगलेल्या आहेत, गाठ दिसत नाही’ एवढेच असते, त्यातही फुगवटा नेमका कुठे संपतो हे वाचणाऱ्याने शोधले पाहिजे.

रुग्ण आमच्याकडे आले तेव्हा ‘ईआरसीपी करून ताबडतोब स्टेंट टाकावा’ अशी चिठ्ठी त्यांच्याजवळ होती. ईआरसीपीमध्ये दुर्बीण तोंडावाटे लहान आतड्याच्या सुरुवातीपर्यंत नेतात, पित्तनलिकेच्या तोंडातून बारीक तार वर सरकवतात आणि तिच्यावरून स्टेंटची नळी बसवतात. बिलिरुबिन १४ च्या वर आणि खाजेने झोप उडालेली, अशा स्थितीत हा सल्ला स्वाभाविक वाटतो. पण रुग्णाला ताप नव्हता, रक्तदाब स्थिर होता आणि नलिकांमध्ये संसर्गाचे चिन्ह नव्हते. त्यामुळे चार दिवस थांबून आधी सीटी स्कॅन आणि एमआरसीपी, म्हणजे पित्तनलिकांचा एमआरआय, करायचे ठरले. या प्रकरणातला पहिला महत्त्वाचा निर्णय हाच होता आणि त्याची कारणे सविस्तर सांगण्यासारखी आहेत.

स्टेंट बसला की फुगलेल्या नलिका रिकाम्या होऊन मिटतात. त्यानंतर गाठ कोणत्या फांदीत किती वर गेली आहे हे चित्रात ओळखणे अवघड होते. शिवाय स्टेंटच्या घर्षणाने नलिकेची भिंत सुजते आणि सूज कुठे संपते व कर्करोग कुठे सुरू होतो, हा फरक पुसट होतो. दुसरे कारण संसर्गाचे आहे. तुंबलेल्या नलिकेत ईआरसीपीच्या वेळी रंगद्रव्य शिरले आणि ती नलिका रिकामी करता आली नाही, तर तिथे जंतू वाढतात. म्हणून आत शिरण्यापूर्वी नकाशा हाती असावा लागतो. एमआरसीपीत नलिकेत काहीही न टोचता साठलेले पित्तच पांढरे चमकते आणि तो नकाशा मिळतो.

एमआरसीपीत संगमावर पित्ताची रेषा तुटलेली दिसली. उजव्या बाजूला पुढची आणि मागची अशा दोन्ही उपशाखा एकमेकींपासून अलग झाल्या होत्या, म्हणजे गाठ उजवीकडे खोलवर गेली होती. डाव्या नलिकेचा संगमाजवळचा थोडाच भाग ग्रासलेला होता आणि त्यापलीकडची नलिका मोकळी होती. संगमावरील गाठींच्या प्रचलित वर्गीकरणात याला तिसरा प्रकार, उजवी बाजू असे म्हणतात.

सीटी स्कॅनने याच गाठीची दुसरी बाजू दाखवली. या कर्करोगात तंतुमय ऊती भरपूर असतात, त्यामुळे शिरेतून दिलेले रंगद्रव्य तिथे उशिरा साठते आणि काही मिनिटांनी घेतलेल्या चित्रांत गाठ अधिक उठून दिसते. तशी ती दिसली. यकृताकडे रक्त नेणाऱ्या पोर्टल शिरेच्या उजव्या फांदीला गाठीने वेढले होते आणि उजवी धमनी तिला चिकटलेली होती. डावी शिरा आणि डावी धमनी मोकळ्या होत्या. फुप्फुसात, पोटाच्या आवरणात किंवा दूरच्या लसिकाग्रंथींत पसरण्याचे चिन्ह नव्हते. उजवी धमनी बहुधा पित्तनलिकेच्या अगदी मागून जाते, त्यामुळे संगमावरच्या गाठीत ती लवकर सापडते. डावी नलिका यकृताबाहेर अधिक लांब असते, त्यामुळे त्या बाजूला निरोगी जागी कापायला वाव मिळतो. ही शरीररचना लक्षात घेता शस्त्रक्रियेचा आराखडा जवळजवळ स्पष्ट झाला. यकृताचा उजवा भाग, त्यामागचा पुच्छखंड आणि बाहेरची पित्तनलिका काढायची आणि उरलेल्या डाव्या नलिकेला आतड्याची वळी जोडायची.

अडचण

आराखडा स्पष्ट असूनही शस्त्रक्रिया लगेच करणे सुरक्षित नव्हते. सीटी स्कॅनवरून मोजले तेव्हा उरणारा डावा भाग संपूर्ण यकृताच्या २९ टक्के भरला. निरोगी यकृतात एवढा भाग सहसा पुरतो. पण अनेक आठवडे पित्त तुंबलेल्या यकृताच्या पेशी नीट वाढत नाहीत, त्यामुळे अशा वेळी ४० टक्क्यांच्या आसपास भाग उरावा अशी अपेक्षा ठेवतात. कमी भागावर शस्त्रक्रिया केली तर गाठ निघते, पण उरलेले यकृत निकामी होऊन रुग्ण दगावण्याचा धोका खूप मोठा असतो.

रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारा आयएनआर १.७, म्हणजे वाढलेला होता. पित्त आतड्यात पोहोचत नसेल तर ‘के’ नावाने ओळखले जाणारे, स्निग्ध पदार्थांत विरघळणारे जीवनसत्त्व शोषले जात नाही आणि त्यावाचून गोठण्याचे घटक तयार होत नाहीत. हे जीवनसत्त्व तीन दिवस शिरेतून दिल्यावर आयएनआर १.१ वर आला. उपचार तर झालाच, शिवाय महत्त्वाची माहितीही मिळाली. यकृताची निर्मितीक्षमता शाबूत होती, कमतरता होती ती फक्त कच्च्या मालाची. जीवनसत्त्व देऊनही आयएनआर उतरला नसता, तर एवढ्या मोठ्या शस्त्रक्रियेचा विचारच बदलावा लागला असता.

कर्करोगाचा सूक्ष्मदर्शी पुरावाही अजून हाती नव्हता. सीए १९-९ हा रक्तातील निर्देशक ६४० होता, पण कावीळ असताना तो कर्करोग नसतानाही वाढतो, म्हणून त्यावर विसंबून राहता येत नव्हते. याच जागी अगदी असाच दिसणारा आणि स्टिरॉइडने बरा होणारा एक प्रतिकारशक्तीचा आजार असतो. त्या आजारात बहुधा वाढणारे आयजीजी-४ हे रक्तातील प्रथिन तपासले आणि ते सामान्य आले. पोटातून सुई घालून गाठीचा तुकडा घेणे मुद्दाम टाळले, कारण सुईच्या वाटेवर कर्करोगाच्या पेशी सांडू शकतात.

कोणते पर्याय तोलले

रुग्णाच्या मुलीने पहिल्याच बैठकीत विचारले, “डॉक्टर, बाबांची गाठ काढता येण्यासारखी आहे म्हणता, मग दोन महिने थांबायचे कशासाठी? तेवढ्यात ती पसरली तर?” प्रश्न योग्य होता आणि त्याला एका वाक्याचे उत्तर नव्हते.

स्टेंटशिवाय थेट शस्त्रक्रियेला एरवी भक्कम आधार आहे. स्वादुपिंडाच्या डोक्यातील गाठीने अडथळा आलेल्या रुग्णांवर नेदरलँड्समध्ये झालेला आणि २०१० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास प्रसिद्ध आहे. त्यात बिलिरुबिन साधारण १४.६ मिलिग्रॅमपर्यंत असलेल्या रुग्णांचे दोन गट केले होते. लवकर शस्त्रक्रिया झालेल्या गटात ३९ टक्क्यांना गंभीर गुंतागुंत झाली आणि आधी स्टेंट टाकलेल्या गटात ७४ टक्क्यांना. म्हणजे अडथळा खाली असेल, नलिकांना संसर्ग नसेल आणि शस्त्रक्रिया लवकर होणार असेल, तर स्टेंट टाळणेच बहुधा हिताचे असते. आमच्या रुग्णाचे बिलिरुबिनही त्या मर्यादेतच होते. परंतु खालच्या गाठीच्या शस्त्रक्रियेत यकृत कापले जात नाही. इथे त्याचा दोन तृतीयांशाहून अधिक भाग काढायचा होता, म्हणून तो निष्कर्ष या रुग्णाला लागू होत नव्हता.

मग संपूर्ण यकृत रिकामे करायचे की फक्त उरणारा भाग? ज्यांची शस्त्रक्रिया शक्य नाही, त्यांच्यात कावीळ उतरावी म्हणून यकृताच्या निम्म्याहून अधिक भागातून पित्त वाहते करण्याचा प्रयत्न करतात. शस्त्रक्रियेची तयारी असेल तर हेतू वेगळा असतो. जो भाग राहणार आहे तो वाचवायचा आणि वाढवायचा असतो, जो काढायचा आहे त्याला शक्यतो हात लावायचा नसतो. प्रत्येक जादा नलिकेत शिरणे म्हणजे संसर्गाची एक जादा शक्यता. त्यामुळे डावी बाजू ठरली.

वाट कोणती, हा उरलेला प्रश्न. दुर्बिणीने आतून जायचे, की पोटाच्या बाजूने त्वचेतून यकृतात नळी घालायची? संगमावरच्या गाठीत त्वचेतून गेल्यास हवी ती नलिका अधिक नेमकी गाठता येते, असा अनेक तज्ज्ञांचा अनुभव आहे. पण याच तुलनेसाठी नेदरलँड्समध्ये झालेला आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास मध्येच थांबवावा लागला, कारण त्वचेतून नळी घातलेल्या २७ पैकी ११ रुग्ण दगावले, तर दुर्बिणीच्या गटातील २७ पैकी ३. संख्या लहान असल्याने यावरून अंतिम नियम काढता येत नाही, तरी सुरुवात दुर्बिणीने करावी एवढे वजन त्या आकड्यांना आम्ही दिले.

काय केले

ईआरसीपीत तार डाव्या नलिकेत नेऊन प्लास्टिकचा स्टेंट बसवला. धातूची जाळी टाळली, कारण ती भिंतीत रुतते, काढता येत नाही आणि शस्त्रक्रियेत अडचण ठरते. आच्छादन असलेली काढता येणारी जाळी या जागी घातली तर बाजूच्या फांद्यांची तोंडेच बंद होतात. स्टेंट बसवताना नलिकेची भिंत ब्रशने घासून पेशी घेतल्या. अहवाल ‘संशयास्पद, निश्चित नाही’ असा आला. ही तपासणी कर्करोग असूनही बऱ्याचदा तो पकडत नाही, त्यामुळे अशा अहवालाने संशय कमी होत नाही.

तार जागेवर बसवताना थोडे रंगद्रव्य उजव्या मागच्या उपशाखेतही गेले. प्रक्रियेच्या नोंदीत ते लिहून ठेवले होते आणि पुढे त्या नोंदीचा उपयोग झाला. सहाव्या दिवशी रुग्णाला हुडहुडी भरून १०२ अंश ताप आला. बिलिरुबिन तोवर १०.८ झाले होते.

तापाची दोन कारणे संभवत होती, आणि त्यांचे उपाय वेगवेगळे होते. स्टेंट तुंबला असेल तर तो बदलावा लागतो. रिकामी न झालेली नलिका संसर्गित झाली असेल तर स्टेंट बदलून काहीच साधत नाही, उलट आणखी जंतू वर जातात. सोनोग्राफीने उत्तर मिळाले. डाव्या नलिका मिटलेल्या होत्या, म्हणजे स्टेंट वाहत होता. उजव्या मागच्या नलिका मात्र तशाच फुगलेल्या होत्या. रक्तात ई. कोलाय जंतू वाढले. प्रतिजैविके सुरू केली आणि दुसऱ्या दिवशी सोनोग्राफीच्या मदतीने त्वचेतून उजव्या मागच्या नलिकेत नळी घातली. उजवी बाजू न छेडण्याचे आधी ठरले होते, पण संसर्ग झाल्यावर तो निर्णय बदलणे आवश्यक होते. दोन दिवसांत ताप उतरला.

पुढचे तीन आठवडे वाट पाहण्यात गेले आणि घरच्यांना तेच सर्वांत कठीण वाटले. लघवी आठवड्याभरात स्वच्छ झाली, शौचाचा रंग परत आला, खाज थांबली, पण डोळ्यांतला पिवळेपणा रेंगाळत राहिला. दीर्घकाळच्या काविळीत बिलिरुबिनचा काही भाग रक्तातील अल्ब्युमिनला घट्ट चिकटतो आणि ते अल्ब्युमिन झिजेपर्यंत, म्हणजे दोन-तीन आठवड्यांच्या गतीने, तो उतरतो. स्टेंट व्यवस्थित वाहत असताना डोळे पिवळे राहणे हे अपयशाचे लक्षण नाही. हे आधी सांगितले नाही, तर स्टेंट विनाकारण बदलण्याचा आग्रह होतो.

चौथ्या आठवड्यात बिलिरुबिन ३.८ झाल्यावर पोर्टल शिरेची उजवी फांदी आतून बंद केली. त्यामुळे आतड्याकडून येणारे सारे रक्त डाव्या भागाकडे वळते आणि तो वाढू लागतो. ही वाढ पित्त वाहत असलेल्या यकृतातच चांगली होते, म्हणून स्टेंट आधी आणि शिरा बंद करणे नंतर, हा क्रम उलटा करता येत नाही. आणखी चार आठवड्यांनी डावा भाग ४१ टक्के भरला, बिलिरुबिन १.६ होते आणि सीए १९-९ कमी होऊनही १९० वर राहिला होता. कावीळ गेल्यावरही तो सामान्य न होणे कर्करोगाच्या बाजूने गेले.

शस्त्रक्रियेच्या दिवशी आधी पोटात दुर्बीण घालून आवरणावर बारीक गाठी नाहीत याची खात्री केली आणि मग ठरलेली शस्त्रक्रिया केली. निश्चित निदानाशिवाय एवढी मोठी शस्त्रक्रिया करावी का, याची चर्चा रुग्णाशी स्पष्टपणे झाली होती. अशा काढलेल्या गाठींपैकी शंभरातील साधारण पाच ते पंधरा अखेरीस कर्करोगाच्या नसतात, हे त्यांना सांगितले होते आणि ते समजून घेऊनच त्यांनी संमती दिली.

परिणाम

काढलेल्या भागात पित्तनलिकेचा कर्करोग सिद्ध झाला. कापलेल्या कडा कर्करोगमुक्त होत्या. सात लसिकाग्रंथींपैकी एकीत पेशी आढळल्या आणि मज्जातंतूंभोवतीही त्या पसरलेल्या होत्या. पाचव्या दिवशी नलिका आणि आतड्याच्या जोडातून पित्त गळू लागले, पण शस्त्रक्रियेत ठेवलेल्या नळीतून ते बाहेर येत राहिले आणि जोड आपोआप भरला. यकृत निकामी होण्याची चिन्हे आली नाहीत. एकोणिसाव्या दिवशी रुग्ण घरी गेले. दहा आठवड्यांनी कॅपेसिटॅबिन या गोळ्यांचा सहा महिन्यांचा उपचार सुरू केला. शस्त्रक्रियेला १४ महिने झाले तेव्हाच्या सीटी स्कॅनमध्ये आजार नव्हता. ग्रंथी बाधित असल्याने तो परतण्याची शक्यता मोठी आहे, म्हणून दर तीन महिन्यांची तपासणी चालू आहे.

काय वेगळे करता आले असते

सुरुवातीचे तीन आठवडे वाचवता आले असते. मातकट शौच आणि सतत खाज असताना पहिल्याच भेटीत सोनोग्राफी झाली असती, तर कमी तुंबलेल्या यकृतावर तयारी सुरू झाली असती आणि वाट पाहण्याचा काळ बहुधा कमी झाला असता.

उजव्या उपशाखेत रंगद्रव्य गेल्याचे लक्षात आले त्याच दिवशी ती रिकामी करायला हवी होती का, यावर आमच्या बैठकीत दोन मते राहिली. एका मताप्रमाणे रंगद्रव्य गेलेली प्रत्येक नलिका लगेच रिकामी केली पाहिजे. दुसऱ्या मताप्रमाणे सगळ्यांनाच संसर्ग होत नाही, आणि त्वचेतून नळी घालण्यात रक्तस्राव व पेशी सांडण्याचा धोका आहेच. मला पहिले मत अधिक पटते, कारण या रुग्णाचे रक्त जंतूंनी दूषित झाले आणि असा एखादा ताप शस्त्रक्रियेची संधी कायमची हिरावू शकतो. दुर्बिणीच्याच बैठकीत, रंगद्रव्य गेल्याक्षणी, उजवीकडे दुसरा बारीक स्टेंट सरकवून पाहणे शक्य होते आणि पुढच्या रुग्णात आम्ही तो प्रयत्न करू.

एक गोष्ट मात्र आहे तशीच ठेवू. स्टेंट असताना घरी गेलेल्या या रुग्णाला ‘थंडी वाजून ताप आला तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री या’ असे लिहून दिले होते. हुडहुडी भरल्यावर काही तासांतच ते रुग्णालयात पोहोचले आणि रक्तदाब कोसळण्यापूर्वी प्रतिजैविक सुरू झाले.